पोत्यातला गंधक आणि मुळापाशीचा गंधक

जुलैच्या मध्यावर कराडहून वाळव्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन नुकते गुडघ्याला लागत असते. पावसाने चार-पाच दिवस उघडीप दिलेली असते, कोळपणी चालू असते आणि हिरव्या रानात मध्येच काही पट्टे पिवळे पडलेले दिसतात. शेतकरी त्यातली दोन-चार पाने खुडून खिशात घालतो आणि खताच्या दुकानात नेऊन ठेवतो. दुकानदार पान उलटसुलट करून पाहतो आणि सांगतो, "सल्फर कमी पडलंय दादा. एकरी दहा किलोची एक बॅग टाका." बॅगेत डाळीच्या आकाराच्या पिवळट-करड्या टिकल्या असतात. त्या उभ्या पिकात फेकल्या जातात आणि ऑक्टोबरात काढणीच्या वेळी त्यातल्या कित्येक टिकल्या मातीवर जशाच्या तशा पडलेल्या आढळतात.

सातारा-सांगलीत दर वर्षी घडणाऱ्या या प्रसंगात तीन वेगवेगळे निर्णय एका झटक्यात घेतले जातात. पिवळेपणाचे कारण गंधकच आहे, तो आता जुलैमध्ये दिला तर चालेल, आणि तो टिकल्यांच्या रूपातच द्यावा. यातला पहिला निर्णय अनेकदा चुकतो, दुसरा जवळजवळ नेहमी चुकतो आणि तिसरा त्या दुसऱ्यामुळे चुकतो. दाणेदार गंधक हे वाईट खत नाही. पण या दोन जिल्ह्यांतल्या तेलबिया आणि कडधान्यांसाठी ते ज्या जागी वापरले जात आहे ती त्याची जागा नव्हे. ती जागा जिप्समची आहे, आणि त्याच्याही आधी सुपर फॉस्फेटची.

तेलबिया आणि कडधान्यांना गंधक जास्त का लागतो, हे एकदा समजून घेतले की पुढचा हिशेब सोपा होतो. दाण्यातली प्रथिने ज्या घटकांची बनतात त्यातल्या मेथिओनीन आणि सिस्टीन या दोघांत गंधक असतो. वनस्पतीच्या पेशी ज्या साहाय्यक द्रव्याच्या आधारे मेदाम्ले जोडत जातात त्यातही गंधक असतो, म्हणून तेल तयार होण्याचे काम त्याच्यावाचून अडते. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र पकडणारे जे विकर आहे ते लोह आणि गंधक यांच्या जोडीवर चालते. गंधक कमी पडला की गाठी कमी काम करतात आणि पिकाला नत्रही कमी पडतो. सोयाबीनचे १० क्विंटल उत्पादन दाणे आणि काड मिळून जमिनीतून साधारण सहा-सात किलो गंधक उचलते. हा आकडा फार मोठा नाही. तो भरून काढणे सोपे होते, आणि पूर्वी तो आपोआप भरून निघतही होता.

तो कसा भरून निघत होता, यातच आजच्या कमतरतेचे मूळ आहे. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ यांनी १८४२ साली सुपर फॉस्फेटचे पेटंट घेतले. फॉस्फेटवर गंधकाम्लाची क्रिया करून बनवलेल्या या खतात स्फुरदाबरोबर गंधक आणि कॅल्शियम न मागता येत. आज मिळणाऱ्या सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद आणि सुमारे ११ टक्के गंधक असतो. ज्या काळात कृष्णाकाठचा शेतकरी भुईमुगाला सुपरची पोती घालत होता, त्या काळात त्याने गंधकाचे नावही न काढता तो पिकाला दिला होता. मग डीएपी आले. एका पोत्यात २३ किलो स्फुरद आणि वर ९ किलो नत्र. वाहतूक कमी, मजुरी कमी. फक्त त्यात गंधक अजिबात नाही. उसाबरोबर १९:१९:१९ आणि १२:६१:० ही विद्राव्य खते आली, त्यांतही गंधक हे मुख्य अन्नद्रव्य नाही. शेणखत घटले. गंधक कोणी काढून घेतला नाही. तो ज्या पोत्यातून येत होता ते पोते मागे पडले, इतकेच झाले.

युरोपात हेच वेगळ्या वाटेने घडले. दगडी कोळशाच्या धुरातून पावसाबरोबर शेतात उतरणारा गंधक, प्रदूषणाचे कायदे कडक झाल्यावर खूप घटला आणि १९८० नंतरच्या काळात ब्रिटन व उत्तर जर्मनीतल्या मोहरीवर्गीय पिकांची पिवळी फुले फिकट, पांढुरकी दिसू लागली. तिथे धूर होता, इथे सुपर होते. दोन्हीकडे गंधक फुकट मिळत होता, म्हणून कोणी तो मोजला नाही.

आता पहिल्या चुकीकडे. पिवळे पान म्हणजे गंधकच, असे या दोन जिल्ह्यांत तर मुळीच म्हणता येत नाही. कृष्णा-वारणाकाठच्या काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आहेत, त्यांचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. अशा रानात पाणी चार दिवस साचले की लोह पिकाला मिळेनासे होते आणि सोयाबीन, भुईमूग दोन्ही पिवळे पडतात. गंधकाची आणि लोहाची कमतरता दोन्ही कोवळ्या पानांवर दिसतात, त्यामुळे गोंधळ होतो. लोहाच्या बाबतीत शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो, पान जाळीदार दिसते. गंधकाच्या बाबतीत शिरांसकट सगळे पान एकसारखे फिकट पोपटी होते. नत्र कमी असेल तर आधी खालची जुनी पाने पिवळी होतात. पिवळा मोझॅक हा रोग असेल तर पिवळे-हिरवे ठिपके वेडेवाकडे मिसळलेले दिसतात आणि रानात एखादेच झाड आधी पकडले जाते, सगळी ओळ नव्हे.

शंका राहिली तर एक साधी चाचणी आहे. पिवळ्या पट्ट्यात दहा पावले लांबीच्या दोन ओळींवर अर्धा टक्का फेरस सल्फेट, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम, चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून फवारावे. पाच-सहा दिवसांत ज्या पानांवर थेंब पडला ती पाने हिरवी झाली तर दुखणे लोहाचे होते आणि गंधकाच्या बॅगेवर घातलेले पैसे वाया जाणार होते. फेरस सल्फेटमध्येही थोडा गंधक असतो, असा आक्षेप कोणी घेईल. पण फवाऱ्यातून जाणारे ते प्रमाण पिकाची गंधकाची भूक भागवण्याइतके नसते, आणि लोहाची हिरवाई थेंबाच्या ठिपक्यांत उमटते. ती खूण चुकत नाही.

फवारणीचा मुद्दा निघालाच आहे तर तासगावकडे वळावे लागते. तासगाव-मिरजेच्या द्राक्षपट्ट्यात गंधक म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर भुरी येते. पाण्यात मिसळणारा ८० टक्के गंधक भुरीवर उत्तम चालतो, म्हणून तोच सोयाबीन-हरभऱ्यावर 'खत' म्हणून फवारण्याचा सल्लाही दिला जातो. लिटरला २ ते ३ ग्रॅम धरून एकरी २०० लिटर पाणी फवारले तर ४०० ते ६०० ग्रॅम पावडर जाते, त्यात शुद्ध गंधक फार तर अर्धा किलो. पिकाची गरज ८ किलोची. बुरशीनाशक म्हणून त्याचे काम वेगळे आहे. खत म्हणून तो गरजेच्या सोळाव्या हिश्श्याच्या आसपास पोचतो.

एकरी ८ किलो हा आकडा कुठून आला? सोयाबीनसाठी हेक्टरी २० किलो गंधकाची शिफारस प्रचलित आहे, तिचाच हा एकरी हिशेब. जमिनीत उपलब्ध गंधक दशलक्षाला १० भागांपेक्षा कमी असेल तर जमीन कमतर धरतात. हा १० चा उंबरठा माती परीक्षणाच्या अहवालात पाहायचा. केंद्राच्या मृदा आरोग्य पत्रिकेत २०१५ पासून ज्या १२ गोष्टी तपासायच्या ठरल्या त्यांत गंधक आहे. पण अनेक शेतकरी पत्रिकेतले सामू, नत्र, स्फुरद, पालाश वाचून थांबतात आणि गंधकाचा रकाना तसाच राहतो.

आता मुख्य निवड. जिप्सममधला गंधक सल्फेटच्या रूपात असतो आणि मूळ फक्त सल्फेटच घेते. शेतीच्या जिप्सममध्ये शुद्धतेनुसार १३ ते १८ टक्के गंधक असतो. १५ टक्के धरला तर ५० किलोच्या एका गोणीत साडेसात किलो, म्हणजे जवळजवळ एका एकराची गरज. जिप्सम पाण्यात मीठ विरघळावे तसे विरघळत नाही. एका लिटर पाण्यात ते सुमारे अडीच ग्रॅमच विरते. पण एक एकर रानावर ५ मिलिमीटर पाऊस पडला तर २० हजार लिटर पाणी जमिनीवर येते, आणि हिशेबाने तेवढ्या पाण्यात एक गोणी जिप्सम विरून जाते. एका बऱ्या सरीचे काम. प्रत्यक्षात पाण्याचा प्रत्येक थेंब प्रत्येक कणाला भेटत नाही, म्हणून दोन-तीन पाऊस धरावेत. तरी आठवड्या-दोन आठवड्यांत गंधक मुळापाशी असतो.

दाणेदार गंधकाची गोष्ट वेगळी. त्यात ९० टक्के गंधक असतो, ९ किलोत एकराचे काम होते, पोते उचलायला हलके. पण हा मूलद्रव्य गंधक आहे. पाण्यात विरघळत नाही आणि मूळ त्याला घेऊ शकत नाही. त्याचे सल्फेट करण्याचे काम मातीतले जिवाणू करतात. त्यातला सर्वांत प्रसिद्ध जिवाणू वॅक्समन आणि जोफे यांनी १९२२ साली वर्णिला. त्याचे आजचे नाव ॲसिडिथायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स. हे जिवाणू गंधकाच्या कणाच्या पृष्ठभागावर काम करतात, त्यामुळे कण जितका बारीक तितका वेग जास्त. टिकलीत गंधकाबरोबर बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती असते. पाणी लागले की ती फुगावी, टिकली फुटावी आणि गंधक पिठासारखा मातीत पसरावा, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे. पण टिकली मातीत गाडलेली हवी, माती ओली हवी, तिच्यात हवा खेळती हवी आणि ऊब हवी. वाफसा आणि ३० अंशांच्या आसपासची ऊब असेल तेव्हा हे जिवाणू जोमात असतात. साचलेल्या पाण्यात ते थांबतात, कोरड्या मातीतही थांबतात आणि थंडीत मंदावतात.

उभ्या सोयाबीनमध्ये फेकलेल्या टिकलीला यातले काय मिळते? ती मातीच्या वर पडते. पाऊस आला की भिजते, ऊन पडले की सुकते, पुन्हा घट्ट होते. जी सऱ्यांत पडते ती पाण्याखाली जाते. समजा बरी परिस्थिती मिळून चार-सहा आठवड्यांनी निम्मा गंधक सल्फेट झाला, तर तोवर ऑगस्ट संपत आलेला असतो. ९०-१०० दिवसांचे सोयाबीन फुलोऱ्यातून शेंगेत गेलेले असते. ऑक्टोबरात मातीवर सापडणाऱ्या टिकल्या याचीच साक्ष देतात. तो गंधक वाया गेला असे नव्हे, पुढच्या पिकाला त्यातला काही मिळेल. पण शेतकऱ्याने पैसे या पिकासाठी मोजले होते.

दाणेदार गंधकाच्या बाजूने सर्वांत जोरकस दावा सामूचा असतो. आमच्या काळ्या रानाचा सामू साडेआठ आहे, गंधक टाकला की तो खाली येईल, लोह-जस्त मोकळे होतील, जिप्सममध्ये ही ताकद नाही. यातले रसायन खरे आहे. मूलद्रव्य गंधकापासून गंधकाम्ल होते, एका किलोपासून सुमारे तीन किलो, आणि ते तीन किलोहून थोडा अधिक चुना विरघळवते. पण हिशेब प्रमाणात मांडावा लागतो. एका एकराच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण ९ लाख किलो. तिच्यात ५ टक्के चुनखडी असेल, आणि कृष्णाकाठच्या बऱ्याच रानांत त्याहून जास्त असते, तर चुना झाला ४५ हजार किलो. ९ किलो गंधक त्यातला २८ किलो चुना संपवेल. सगळा चुना संपवायला एकरी १४ टनांच्या वर गंधक लागेल. एका बॅगेने एकराचा सामू हलत नाही. टिकलीभोवतीच्या सुपारीएवढ्या मातीत तो काही दिवस उतरतो आणि चुना त्याला परत वर ओढतो. चुनखडीच्या रानात लोहाचे दुखणे असेल तर लोहाची फवारणी करावी आणि पाण्याचा निचरा सुधारावा. गंधकाला त्या कामाला जुंपू नये.

या ठिकाणी एक अपवाद नीट मांडायला हवा, कारण त्यातून गोंधळ होतो. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे भरमसाट पाणी देऊन पाणथळ आणि चोपण झालेली रानेही आहेत. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. त्याला हटवायला कॅल्शियम लागतो आणि ते काम जिप्समचे आहे. तिथे प्रमाण गोणींत नसते, टनांत असते, आणि ते जिप्समची गरज काढणाऱ्या वेगळ्या माती परीक्षणाने ठरते. निचऱ्याचे चर किंवा पाइप नसतील तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? टनभर जिप्समही वाया जाते. चुनखडी भरपूर असेल तर अशा जमिनीत मूलद्रव्य गंधकही वापरता येतो, कारण तो आतल्या चुन्यापासून जागच्या जागी जिप्सम तयार करतो. पण निचरा नसलेल्या, हवा न खेळणाऱ्या रानात त्याचे जिवाणूच काम करत नाहीत. जमीन सुधारण्याचा हा डोस आणि सोयाबीनला गंधक देण्याचा डोस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भुईमुगाच्या बाबतीत मात्र निवड जवळपास झालेलीच आहे. ज्या कराडच्या नावाने 'कराड ४-११' ही भुईमुगाची जात ओळखली गेली, त्या भागात भुईमुगाला जिप्सम देण्याची रीत जुनी आहे. शिफारस हेक्टरी ४०० किलोची, म्हणजे एकरी १६० किलो. निम्मे पेरणीला आणि निम्मे आऱ्या सुटताना. हा डोस गंधकाच्या गरजेपेक्षा बराच मोठा आहे, कारण इथे जिप्सम कॅल्शियमसाठीही दिले जाते. कॅल्शियम झाडात पाण्याच्या ओढीबरोबर वर जातो आणि पानांत राहतो. पानांतून परत खाली शेंगेकडे येत नाही. शेंग जमिनीत असते, तिच्यातून बाष्प उडत नाही, त्यामुळे मुळांनी घेतलेला कॅल्शियम तिच्या वाट्याला फारसा येत नाही. तिला तो आजूबाजूच्या मातीतून स्वतःच शोषावा लागतो. पाच-सात सेंटिमीटरच्या त्या थरात विरघळलेला कॅल्शियम नसेल तर टरफल बनते आणि आत दाणा भरत नाही. शेंग पोचट राहते.

म्हणून दुसरा हप्ता आऱ्यांच्या वेळी, ओळीलगत पडायला हवा आणि त्यानंतर कोळपणी थांबवायला हवी. दाणेदार गंधकात कॅल्शियम नाही. चुनखडीच्या भारी काळ्या रानात कॅल्शियमची चणचण सहसा नसते, तिथे भुईमुगाला एवढ्या मोठ्या डोसाचा फायदा कमी मिळेल. पण भुईमूग जिथे खरा घेतला जातो त्या हलक्या, तांबड्या, मुरमाड किंवा नदीकाठच्या पोयट्याच्या रानांत जिप्समला पर्याय नाही. अशा हलक्या रानात वर्षानुवर्षे शिफारशीच्या दुप्पट-तिप्पट ओतणेही चुकीचे, कारण जादा कॅल्शियम मॅग्नेशियम आणि पालाशला खाली ढकलून देतो.

मग मूलद्रव्य गंधकाची जागा कुठे? ती या दोन जिल्ह्यांच्या पूर्व भागात, माण-खटाव आणि जत-आटपाडीच्या रब्बी रानांत आहे. तिथे बरीच भारी राने पावसाळ्यात पिकाविना ठेवतात, कुळवाच्या पाळ्या घालून ओल साठवतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी किंवा हरभरा पेरतात. हरभऱ्याच्या पेरणीला दिलेल्या दाणेदार गंधकाचा उपयोग होणे कठीण, कारण वरचा थर लवकर सुकतो आणि पुढे थंडी येते. पेरणीनंतर फेकलेले जिप्समही तिथे कोरड्या मातीत पडून राहू शकते. पण तोच गंधक जूनमध्ये पहिल्या पावसानंतर टाकून कुळवाने मिसळला तर त्याला उबदार, ओलसर, हवा खेळती असलेली माती तीन महिने मिळते. पाऊस कमी असल्याने तयार झालेला सल्फेट फार खोल वाहून जात नाही. हरभऱ्याचे मूळ खाली उतरेल तेव्हा तो तिथे असतो. रिकाम्या रानात वेळ भरपूर असतो, आणि या खताला वेळच लागतो.

पश्चिमेकडे पाटण-जावळीच्या डोंगरउतारांवर अडचण उलटी आहे. तिथल्या धो-धो पावसात जूनचा सल्फेट जुलैअखेर मुळांच्या खाली गेलेला असतो. जांभ्याच्या तांबड्या मातीतली लोह-ॲल्युमिनियमची संयुगे त्यातला काही खालच्या थरात धरून ठेवतात, म्हणून जुलैमध्ये फिकट दिसणारे पीक कधीकधी ऑगस्टमध्ये मूळ खोल गेल्यावर आपणहून हिरवे होते. अशा ठिकाणी जिप्सम दोन हप्त्यांत देणे बरे. तिथे मूलद्रव्य गंधक हळू सुटतो हा फायदा आहे खरा, पण मुळात आम्ल असलेल्या मातीत दर वर्षी आम्ल बनवणारे खत घालण्यापेक्षा सामूला धक्का न लावणारे जिप्सम अधिक योग्य.

आता एक हिशेब पूर्ण मांडून पाहू. वाळवा तालुक्यातले एक एकर, मध्यम काळी जमीन, कोरडवाहू सोयाबीन. जात कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने दिलेली फुले संगम, म्हणजे केडीएस ७२६. माती परीक्षणात उपलब्ध गंधक दशलक्षाला ७ भाग, सामू ८.१. गंधक द्यायला हवा, ८ किलो. स्फुरदाची गरज हेक्टरी ७५ किलोच्या शिफारशीने एकरी ३० किलो. हा शेतकरी आजवर सव्वा-दीड पोते डीएपी घालत आला आहे. त्यात गंधक शून्य. त्याने सगळे स्फुरद सुपरमधून दिले तर पावणेचार पोती लागतील आणि २० किलो गंधक जाईल, गरजेच्या अडीचपट. इतके ओझे नको असेल तर एक पोते डीएपी आणि एक पोते सुपर. स्फुरद झाले ३१ किलो, नत्र ९ किलो आणि गंधक साडेपाच किलो. राहिले अडीच किलो, ते वीस किलो जिप्सममध्ये मिळतात. म्हणजे गंधकाच्या वेगळ्या बॅगेचा प्रश्न त्याच्यापुरता जवळजवळ उरतच नाही. सुपर मिळालेच नाही तर डीएपी आणि पेरणीपूर्व शेवटच्या पाळीला एक गोणी जिप्सम. आणि डीएपी घालून पेरणी झाली, जुलैत पान शिरांसकट फिकट झाले, फेरस सल्फेटची चाचणीही निष्फळ ठरली, तर तेव्हाही जिप्समच, कारण त्या वेळी हाताशी दहा-पंधरा दिवसच असतात.

हेच रान बागायती असते तर आधी विहिरीचे पाणी तपासायला हवे होते. पाण्यात लिटरला १६ मिलिग्रॅम सल्फेट-गंधक असेल, आणि मचूळ विहिरींत तो त्याहून बराच जास्त असू शकतो, तर ६ सेंटिमीटरच्या एका पाळीतून एकरी जवळपास चार किलो गंधक जातो. दोन पाळ्यांत पिकाची गरज भागली. अशा रानात कुठलीच गोणी आणायची गरज नाही. उसाच्या बेवडावर, प्रेसमड पडलेल्या रानातही थांबून विचार करावा. रस स्वच्छ करण्यासाठी गंधक जाळून त्याचा धूर रसात सोडणाऱ्या कारखान्यांच्या मळीत त्यातला बराच गंधक चुन्याबरोबर उतरतो.

भावाची तुलना करताना गोणीचा भाव पाहू नये, गंधकाच्या किलोचा पाहावा: गोणीची किंमत भागिले तिच्यातले गंधकाचे किलो. जिप्समची गोणी ३०० रुपयांना पडली असे समजले तर किलोला ४० रुपये होतात. ९ किलो गंधकाची बॅग ९०० रुपयांची असली तर किलोला १००. गावच्या भावाने हे आकडे बदलतील. माणच्या टोकाच्या वाडीवर जिप्समचे भाडे जास्त पडले तर उलटेही होतील. जिप्सम घेताना गोणीवरची गंधकाची टक्केवारी वाचावी आणि मूठभर पावडरीवर लिंबू पिळावे. जिप्सम शांत राहते. फसफसले तर त्यात चुनखडीची भुकटी मिसळलेली आहे.

यातले काहीही ऐकीव मानून करू नये. पिवळ्या नसलेल्या, एकसारख्या रानात पाच गुंठ्यांचे तीन पट्टे आखावेत. एकाला पेरणीआधी सव्वासहा किलो जिप्सम, दुसऱ्याला सव्वा किलो दाणेदार गंधक, तिसऱ्याला काहीच नाही. बाकी खत तिघांना सारखे, आणि ते सुपर नसावे. जुलैतल्या हिरवेपणावर निकाल देऊ नये. मळणीच्या दिवशी तिन्ही पट्ट्यांचा माल वेगळा मळून वजन करावे आणि तीनही वजने वहीत लिहून ठेवावीत. तिघांची वजने सारखी भरली तर त्या रानात गंधकाची कमतरताच नव्हती.

ही चाचणी एका खरिपाची आहे आणि तिला दहा किलोच्या बॅगेएवढाही खर्च येत नाही. येत्या पेरणीआधी प्रत्येकाने आपल्या माती परीक्षणाच्या अहवालात गंधकाचा आकडा आहे का ते पाहावे, आणि नसेल तर तो प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा.